कोयनेचं एक लिटर पाणी

नववीतल्या एका वाचकाचा प्रश्न आला आहे: ‘कोयना प्रकल्पाची क्षमता १९६० मेगावॉट आहे असं पुस्तकात दिलंय. ही वीज तासाला तयार होते, दिवसाला की वर्षाला?’

उत्तर: यांपैकी कशालाच नाही. पण या मुलाला हसण्याचं कारण नाही. ‘हा प्रकल्प वर्षाला अमुक मेगावॉट वीज निर्माण करेल’ अशी वाक्यं बातम्यांत नेहमी छापून येतात आणि ती लिहिणारे नववी कधीच ओलांडून गेलेले असतात. गोंधळ ऊर्जा आणि शक्ती यांचा आहे. तो सोडवायला कोयनेइतकी सोयीची जागा नाही, म्हणून आपण शिवसागर जलाशयातलं फक्त एक लिटर पाणी घेऊ.

हे पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यातून पश्चिमेला, कोकणच्या बाजूला सोडलं जातं. तिथे ते साधारण पावणेपाचशे मीटर खाली येऊन टर्बाइनवर आदळतं. एक लिटर म्हणजे एक किलो पाणी. वस्तुमान, गुरुत्वत्वरण आणि उंची यांचा गुणाकार करा: १ × ९.८ × ४७५, म्हणजे ४६५५ ज्यूल. ही झाली ऊर्जा. हे पाणी एका सेकंदात खाली आलं की दिवसभर ठिबकत आलं, याला इथे काही महत्त्व नाही. एका लिटरकडून मिळायचं ते एवढंच.

शक्तीचा प्रश्न वेगळा आहे: हे ज्यूल किती वेगाने बाहेर पडतात? सेकंदाला एक ज्यूल म्हणजे एक वॉट. वॉटमध्ये ‘दर सेकंदाला’ आधीच दडलेलं असल्यामुळे त्याच्यापुढे पुन्हा ‘तासाला’ किंवा ‘वर्षाला’ जोडता येत नाही. कोयनेच्या एकट्या चौथ्या टप्प्याची क्षमता १००० मेगावॉट, म्हणजे सेकंदाला १०० कोटी ज्यूल. घर्षणात आणि यंत्रांत दहाएक टक्के वाया जातात असं धरलं, तर त्यासाठी दर सेकंदाला जवळजवळ २४० घनमीटर, म्हणजे दोन लाख चाळीस हजार लिटर पाणी खाली सोडावं लागतं.

आता खरी गंमत. कृष्णा पाणीवाटप लवादाच्या निवाड्यानुसार वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवायच्या पाण्यावर वर्षाला ६७.५ टीएमसी अशी मर्यादा आहे. हे सुमारे १९१ कोटी घनमीटर पाणी झालं. सेकंदाला २४० घनमीटर या वेगाने ते किती दिवस पुरेल? भागाकार करून पाहा. सुमारे ९२ दिवस! म्हणजे चौथा टप्पा अहोरात्र पूर्ण क्षमतेने चालवला, तर तो एकटाच वर्षाचं पाणी तीन महिन्यांत संपवून टाकेल, आणि पहिल्या दोन टप्प्यांना काही उरणार नाही.

मग तो बांधला कशाला? कारण संध्याकाळी घराघरांत दिवे लागतात तेव्हा विजेची मागणी एकदम चढते आणि त्या दोन-चार तासांपुरते हजार मेगावॉट जादा हवे असतात. चौथ्या टप्प्यामुळे पाण्याचा वाटा वाढला नाही, त्यामुळे वर्षभरात मिळणारी ऊर्जा जवळपास तेवढीच राहिली. तीच ऊर्जा हवी तेव्हा झपाट्याने काढून घेण्याची सोय तेवढी झाली. ऊर्जा न वाढवता शक्ती वाढवण्यासाठी डोंगराच्या पोटात एवढं मोठं वीजघर खोदलं गेलं, हे मला या प्रकल्पातलं सर्वांत सुंदर भौतिकशास्त्र वाटतं. प्रकल्पाच्या पाटीवरचा मेगावॉटचा आकडा पाहून ‘केवढी ही वीज’ म्हणणाऱ्यांना ते दिसतच नाही.

वीजबिलावर मात्र ज्यूल कुठेच नसतो, तिथे ‘युनिट’ असतं. युनिट म्हणजे किलोवॉट-तास: हजार वॉटचं उपकरण तासभर चालवल्यावर खर्च होणारी ऊर्जा. तासाचे ३६०० सेकंद, म्हणून एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. इथे वॉटला तासाने गुणलेलं आहे, भागलेलं नाही. ‘किलोवॉट प्रति तास’ लिहिलं की अर्थ साफ बदलतो, कारण ती शक्ती वाढण्याची किंवा घटण्याची गती झाली. (तिलाही उपयोग आहे बरं का. जलविद्युत केंद्र मिनिटाला किती मेगावॉट चढू शकतं हे भारनियंत्रण केंद्रातल्या अभियंत्याला माहीत असावंच लागतं. पण बातमीदाराला ते म्हणायचं नसतं.)

आपल्या लिटरचे ४६५५ ज्यूल म्हणजे सुमारे १.३ वॉट-तास. नुकसान वजा केल्यावर त्यावर ९ वॉटचा एलईडी दिवा आठ मिनिटांच्या आसपास चालेल. गच्चीवरच्या टाकीएवढं हजार लिटर पाणी कोयनेच्या उतारावरून सोडलं, तर एक युनिट आणि वर थोडी चिल्लर हाती लागते. तीच टाकी आपल्या दहा मीटर उंच गच्चीवरून रिकामी केली, तर फार तर २७ वॉट-तास. सोसायटीच्या पाण्यावर वीज बनवण्याच्या योजना अधूनमधून समाजमाध्यमांवर फिरतात, तेव्हा हा आकडा आठवावा.

पण ज्यूल हे नाव आलं कुठून? जेम्स ज्यूल हा मँचेस्टरजवळचा, बिअर बनवणाऱ्या घराण्यातला. त्याने पाण्याच्या भांड्यात वल्ह्यासारखी पाती बसवली, दोरीला वजनं बांधली आणि ती खाली सोडून पाती फिरवली. वजनं पुन्हा वर ओढायची, पुन्हा सोडायची, असं वीस वेळा. एवढ्या खटाटोपानंतर पाणी तापायचं ते एक तृतीयांश सेल्सिअस अंशाच्या आसपास. इतका बारीक फरक विश्वासाने वाचणारे थर्मामीटर त्याच्याकडे होते. उंचीवरून पडण्याची ऊर्जा आणि उष्णता ही एकाच गोष्टीची दोन रूपं आहेत आणि त्यांचा विनिमयदर ठरलेला आहे, हे त्याने मोजून दाखवलं. आजच्या हिशेबाने पाणी ४२७ मीटर पडलं आणि सगळी ऊर्जा पाण्यातच राहिली, तर ते एक अंशाने तापेल. नायगाऱ्याच्या पायथ्याचं पाणी माथ्यापेक्षा किंचित गरम असलं पाहिजे, असंही ज्यूलने लिहून ठेवलं. १८४७ मध्ये लग्नानंतरच्या सहलीत तो आल्प्समध्ये थर्मामीटर घेऊन धबधब्याकडे निघालेला भेटला, अशी गोष्ट विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, सांगत असत. इतिहासकारांना त्या थर्मामीटरबद्दल शंका आहे. गोष्ट मात्र इतकी गोड आहे की कुणी सोडत नाही.

मला राहून राहून वाटतं ते रॉबर्ट मायरबद्दल. हा जर्मन डॉक्टर १८४० मध्ये डच जहाजावरून जावाला गेला. तिथे खलाशांची शीर कापून रक्त काढताना त्याला ते नेहमीपेक्षा जास्त लाल दिसलं. उष्ण हवेत शरीर ऊब टिकवायला कमी प्राणवायू खर्च करतं, असा त्याने तर्क केला आणि तिथून तो अन्न, उष्णता आणि श्रम यांच्या एकाच जमाखर्चापाशी पोचला. वायू बंद भांड्यात तापवायला कमी उष्णता लागते आणि फुगू दिला तर जास्त लागते. ही जादा उष्णता भोवतालच्या हवेला ढकलण्यात खर्च होते, हे ओळखून त्याने १८४२ मध्ये, ज्यूलच्या आधी, आकडा छापला: ३६५ मीटर. तो कमी आला, कारण त्या काळची वायूंची मोजमापंच कच्ची होती. कुणी फारसं लक्ष दिलं नाही. पुढे मुलं गेली, श्रेयाचे वाद झाले. १८५० मध्ये त्याने खिडकीतून उडी घेतली, वाचला आणि काही काळ मनोरुग्णालयात राहिला. उतारवयात त्याला मानसन्मान मिळाले, पण एककाला नाव ज्यूलचंच आहे. प्रयोगाची चिकाटी पाहता ते योग्यही आहे. तरी मायरच्याही नावाचं एखादं एकक असायला हवं होतं.

कोयनेचा उतार ज्यूलच्या ४२७ मीटरपेक्षा थोडासाच मोठा आहे, हे तुमच्या लक्षात आलं असेल. म्हणजे आपल्या लिटरची ऊर्जा तेच पाणी जेमतेम १.१ अंशाने तापवेल, आणि लिटरभर पाणी एक अंशाने तापवणारी उष्णता म्हणजेच एक किलोकॅलरी, ४१८४ ज्यूल. बिस्किटाच्या पुड्यावर छापलेली हीच. बोलताना लोक ‘किलो’ गाळतात आणि हजारपटीची चूक करतात. खरी कॅलरी एका ग्रॅम पाण्यापुरती आहे. शंभर ग्रॅम ग्लुकोज बिस्किटांत साधारण ४५० किलोकॅलरी असतात, म्हणजे अर्ध्या युनिटहून किंचित जास्त ऊर्जा. तेवढीच ऊर्जा मिळवायला कोयनेत चारशे लिटर पाणी पडावं लागेल. माणूस दिवसाला दोन हजार किलोकॅलरी खातो, ती २४ तासांवर पसरली की शक्ती भरते जेमतेम शंभर वॉट.

बिस्किटात एवढं आणि पाण्यात इतकं कमी का, हे पाहायला एकेका रेणूपर्यंत उतरावं लागतं. तिथे ज्यूल अवजड पडतो. म्हणून इलेक्ट्रॉन-व्होल्ट: एक व्होल्टचं विभवांतर पार करताना एका इलेक्ट्रॉनला मिळणारी ऊर्जा, ०.००००००००००००००००००१६ ज्यूल (दशांश चिन्हानंतर अठरा शून्ये). कोयनेचा अख्खा उतार उतरून आलेल्या पाण्याच्या एका रेणूच्या वाट्याला ०.०००९ इलेक्ट्रॉन-व्होल्ट येतात. कार्बनचा एक अणू जळाला की सुमारे चार मिळतात. युरेनियमचं एक अणुकेंद्रक फुटलं की सुमारे वीस कोटी. धरणाला सेकंदाला शेकडो टन पाणी का लागतं आणि तारापूरला इंधनाचे ट्रक रांगेने का लागत नाहीत, हे या तीन आकड्यांत आलं.

कणांच्या बातम्यांत इलेक्ट्रॉन-व्होल्ट पाहून मात्र दबून जाऊ नका. जिनिव्हाजवळच्या महाकाय त्वरकातल्या एका प्रोटॉनला ६.८ लाख कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट देतात. ज्यूलमध्ये हे झालं एका ज्यूलचा दहा लाखावा भाग. निसर्गाचा हात याहून सढळ आहे. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या युटामध्ये एका वैश्विक कणाची नोंद झाली, त्याची ऊर्जा होती ३२ वर १९ शून्ये इतके इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजे सुमारे ५१ ज्यूल. एकट्या कणात आपलं लिटरभर पाणी पाच मीटर उचलण्याइतकी! असा कण वातावरणात शिरून फुटतो आणि पंधराएक किलोमीटरच्या प्रवासात ऊर्जा उधळून टाकतो. प्रकाशाच्या वेगाने त्याला लागतात सुमारे पन्नास मायक्रोसेकंद. ५१ ज्यूलला तेवढ्या वेळाने भागा: शक्ती आली दहा लाख वॉट, म्हणजे पूर्ण एक मेगावॉट. आणि तीच ऊर्जा ९ वॉटच्या दिव्याला दिली, तर तो सहा सेकंदही जळणार नाही.