तीन पायऱ्या आणि अठरा फूट

आमच्या ट्रॉम्ब्याच्या सोसायटीतल्या तळमजल्यावरच्या काकू. वय चौऱ्याहत्तर. गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं, काका व्हीलचेअरवर. घर तळमजल्याला, म्हणून सगळे म्हणायचे, "तुम्हाला काय त्रास? जिना नाही की लिफ्टची वाट पाहणं नाही!" पण दारापासून आवारापर्यंत तीन पायऱ्या आहेत ना! २००५ च्या २६ जुलैच्या पुरानंतर पाणी आत येऊ नये म्हणून प्रवेशाची जागा उंच केली, तेव्हापासूनच्या. काकांना दवाखान्यात न्यायचं तर वॉचमन आणि दोन मुलं खुर्ची उचलणार. एकदा खुर्ची कलली आणि काकूंनी ठरवलं, आता कमिटीकडे लेखी मागणी करायची.

अर्ज लिहायला त्या माझ्याकडे आल्या. "म्हाताऱ्यांची सोय व्हावी, एवढंच लिही गं," म्हणाल्या. मी म्हटलं, "काकू, एवढंच लिहिलं तर कमिटी चार घमेली सिमेंट ओतून मोकळी होईल. आधी मापं घेऊ."

टेप लावून मोजलं. प्रत्येक पायरी सहा इंच, म्हणजे एकूण चढ अठरा इंच. नियमावलीतलं प्रमाण आहे एक इंच चढाला निदान बारा इंच लांबी. म्हणजे आमचा रॅम्प अठरा फुटांचा हवा! समोर मोकळी जागा अकराच फूट. मग भिंतीलगत नऊ फूट चढ, मध्ये पाच फुटांचा सपाट ओटा, तिथून वळून पुन्हा नऊ फूट, असा नकाशा एका ओळखीच्या सिव्हिल इंजिनिअरने कागदावर काढून दिला. रुंदी चार फूट, कडेला बारीक उंचवटा, म्हणजे चाक घसरून खाली जात नाही.

आपल्याकडे बहुतेक ठिकाणी होतं काय, की स्कूटर चढवायला केलेला पाच फुटांचा उतारच 'रॅम्प' म्हणून दाखवला जातो. त्यावर खुर्ची ढकलणाऱ्याचीच दमछाक होते आणि उतरताना खुर्ची हातातून सुटते. तपासायचं कसं? तीन फुटांची फळी उतारावर धरून गवंड्याच्या लेव्हलने सपाट करा. खालच्या टोकाशी फळी आणि जमीन यांत तीन इंचांपेक्षा जास्त फट असेल तर उतार फार उभा आहे. आणि गुळगुळीत लादी तर मुळीच नको, पावसाळ्यात पाय सरकतो. खरबरीत सिमेंटवर आडव्या रेघा बऱ्या.

दुसरी गोष्ट काकूंनीच सांगितली. "मला उतारावरून उतरताना गुडघे जास्त दुखतात. मला पायऱ्याच बऱ्या, फक्त धरायला काही हवं." खरंच की! रॅम्प काकांसाठी, कठडा काकूंसाठी, आणि एकाने दुसऱ्याचं काम होत नाही. म्हणून अर्जात पायऱ्यांनाही कठडा मागितला, तोही दोन्ही बाजूंना, कारण अर्धांगवायू झालेल्याचा एकच हात चालतो. पाइप मुठीत मावेल असा दीड इंची, भिंतीपासून दोन इंच सुटा, तीन फूट उंचीवर. खुर्चीत बसणाऱ्यासाठी रॅम्पवर सव्वादोन फुटांवर आणखी एक. पाइप शेवटच्या पायरीच्या पुढे फूटभर यावा, कारण तोल तिथेच जातो.

अर्जाच्या दोन प्रती काढल्या, एकीवर तारखेसह पोच घेतली. सेक्रेटरी म्हणाले, "काकू, दोन घरांसाठी एवढा खर्च? शिवाय दोन स्कूटरींची जागा जाईल." ते अगदीच चूक नव्हते. सर्वसाधारण सभेच्या मंजुरीशिवाय कमिटीने किती खर्च करावा, याला उपविधींमध्ये मर्यादा असते. म्हणून काकूंनी विषय सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यायला लावला आणि इतर घरांच्या सह्या जमवल्या. सह्या देणाऱ्यांत पहिली होती एक बाळंतीण. बाबागाडी तिलाही चढवायची होती!

कायदा काय म्हणतो? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सार्वजनिक इमारती सर्वांना वापरता येतील अशा करायला मुदत घातली. पण जुन्या खासगी सोसायटीने अमुक दिवसांत रॅम्प बांधायलाच हवा, अशी सरळ मुदत त्यात नाही. म्हणून आधी सभेचा ठराव हाच सोपा रस्ता. नकार आलाच तर तो लेखी मागा. सोसायटीच्या कारभाराची तक्रार सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे आणि दिव्यांग व्यक्तीची तक्रार राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे करता येते, पण हातात कागद हवा.

आमच्या सभेत तासभर वाद झाला. शेवटी स्कूटरी मागच्या बाजूला हलवायचं ठरलं आणि ठराव मंजूर झाला. काम सुरू असताना काकू रोज खुर्ची टाकून बसत. गवंड्याने पाइप पायरीशीच तोडला, तर लगेच म्हणाल्या, "बाबा रे, अजून फूटभर पुढे घे!"

आता संध्याकाळी काका स्वतः चाकं फिरवत मधल्या ओट्यापर्यंत येतात, तिथे थांबून दम घेतात आणि पेपरवाल्याशी गप्पा मारतात.