घट्ट रचनेत मोठी पोकळी

लोखंडाची एक गोष्ट पहिल्यांदा ऐकताना उलटी वाटते. ९१२ अंश सेल्सिअसच्या वर तापवले की त्याचे अणू आधीपेक्षा दाटीने बसतात. एकूण रिकामी जागा ३२ टक्क्यांवरून २६ टक्क्यांवर येते. तरीही पोलादाला पोलाद करणारा कार्बन या दाट लोखंडात शंभरपट अधिक मुरतो. थंड रचनेत तो वजनाने जास्तीत जास्त ०.०२ टक्के मावतो, तर तापलेल्या रचनेत २.१ टक्क्यांपर्यंत. जागा कमी झाली, मग पाहुणे वाढले कसे?

फळवाल्याच्या गाडीवरची मोसंब्यांची रास डोळ्यांसमोर आणा. सपाट थरात प्रत्येक मोसंबीला सहा शेजारी टेकतात. वरच्या थरातली फळे खालच्या खळग्यांत बसतात, म्हणून वर तीन आणि खाली तीन असे आणखी सहा शेजारी मिळतात. एकूण बारा. यालाच समन्वय अंक म्हणतात, आणि सारख्या आकाराच्या गोळ्यांमध्ये एकाला बारांहून जास्त गोळे टेकूच शकत नाहीत. अशा राशीत ७४ टक्के जागा भरते. याहून दाट रचना असू शकत नाही, असा अंदाज केप्लरने १६११ मध्ये मांडला होता. थॉमस हेल्स यांनी १९९८ मध्ये संगणकाच्या मदतीने त्याची सिद्धता दिली.

उरलेले २६ टक्के कुठे आहेत, हा खरा प्रश्न. तीन गोळे एकमेकांना टेकले आणि चौथा त्यांच्या खळग्यात बसला की चौघांच्या मध्ये चतुष्फलकीय पोकळी राहते. ती अगदी चिमुकली असते. गोळ्याची त्रिज्या १ धरली, तर तिच्यात ०.२२५ त्रिज्येचाच गोळा मावतो. खालचे तीन आणि वरचे तीन गोळे एकमेकांच्या फटींसमोर आले की सहा जणांच्या मध्ये अष्टफलकीय पोकळी तयार होते. तिचा आकार आपण स्वतः काढू शकतो. या सहांपैकी चार गोळ्यांची केंद्रे एका चौरसाच्या कोपऱ्यांवर असतात. शेजारचे गोळे टेकलेले असल्याने चौरसाची बाजू २, म्हणून कर्ण २.८२८. समोरासमोरच्या दोन गोळ्यांनी त्यातला २ एवढा भाग व्यापला. उरले ०.८२८, म्हणजे पोकळीची त्रिज्या ०.४१४. चतुष्फलकीय पोकळीच्या जवळपास दुप्पट! दर अणूमागे अशी एक मोठी पोकळी आणि दोन लहान, एवढाच हिशेब असतो.

९१२ अंशांखालच्या लोखंडात अणू घनाच्या आठ कोपऱ्यांवर आणि एक मध्यभागी असतो. प्रत्येकाला आठच शेजारी टेकतात आणि ६८ टक्के जागा भरते. रिकामी जागा जास्त आहे खरी, पण ती दर अणूमागे नऊ पोकळ्यांत विखुरली आहे. त्यांतली सर्वांत मोठीही फक्त ०.२९१ त्रिज्येची. किती जागा रिकामी आहे यापेक्षा ती किती तुकड्यांत वाटली गेली आहे हे इथे निर्णायक ठरते, आणि मला या विषयातले सर्वांत सुंदर सत्य हेच वाटते.

दाट लोखंडातही कार्बन आरामात बसत नाही. अष्टफलकीय पोकळीची त्रिज्या सुमारे ०.०५३ नॅनोमीटर, कार्बनची सुमारे ०.०७७. तो भोवतालच्या सहाही अणूंना थोडे रेटून बसतो, म्हणून दहातल्या एकाच मोठ्या पोकळीत कार्बन शिरला की मर्यादा संपते.

रचना बदलल्याची खूण डोळ्यांनी दिसते. ताणून बांधलेल्या लोखंडी तारेतून वीज सोडून ती तापवली, तर ती प्रसरण पावून खाली झोळ घेत जाते. ९१२ अंशांना अणू दाटीने बसतात आणि तापमान वाढत असतानाच तार क्षणभर आखडून वर उचलली जाते.

लोहार विळ्याला किंवा कोयत्याला पाणी देतो तेव्हा याच बदलाशी त्याची शर्यत लागलेली असते. लालबुंद पात्यात कार्बन मोठ्या पोकळ्यांत बसलेला असतो. पाते सावकाश थंड झाले, तर रचना बदलताना कार्बन बाहेर पडतो आणि लोखंडाशी संयोग पावून वेगळे थर बनवतो. पाण्यात बुडवल्यावर त्याला तेवढी सवडच मिळत नाही. रचना बदलते, कार्बन मात्र आतच अडकतो. तो दोन अणूंच्या मधल्या चिंचोळ्या जागेत घुसून त्यांना एकाच दिशेने दूर सारतो, आणि घन एका अंगाने लांबट होतो. या वेड्यावाकड्या रचनेला मार्टेन्साइट म्हणतात. तिच्यात अणूंचे थर एकमेकांवरून सहज घसरू शकत नाहीत, म्हणून पात्याची धार टिकते. पण हे रूपांतर होताना धातू फुगतो. जाड भागाचा पृष्ठभाग आधी कडक झाला आणि गाभा मागाहून फुगला, तर पात्याला तडा जातो. म्हणून पाणी दिलेले पाते पुन्हा दोनतीनशे अंशांपर्यंत हलके तापवतात. तेवढ्या उष्णतेत अडकलेल्या कार्बनपैकी काही बाहेर सरकतो, ताण उतरतो, आणि थोडी कठीणता गेली तरी पाते ठोक्याला टिकते.