३५चा सापळा

मधुमेहाचा तरुण. दोन दिवस इन्सुलिन चुकलेलं, उलट्या, आता गुंगी. प्रश्नपत्रिकेत त्याच्या धमनीतल्या रक्ताचा रिपोर्ट असा: पीएच ७.०८, कार्बन डायऑक्साइड ३५, बायकार्बोनेट १०.

पीएच ७.३५च्या खाली, म्हणजे रक्त आम्लाकडे झुकलंय. बायकार्बोनेट २४च्या आसपास हवं, ते १०वर आलंय. म्हणजे बिघाड चयापचयाचा. सोडियम १३६मधून क्लोराइड १०० आणि बायकार्बोनेट १० वजा केले की २६ उरतात. एरवी हा अ‍ॅनायन गॅप साधारण १२ असतो. जास्तीचं आम्ल बहुधा कीटोनचं.

बहुतेक विद्यार्थी इथेच उत्तरावर खूण करून मोकळे होतात. कार्बन डायऑक्साइड ३५ ते ४५मध्ये बसतो ना!

पण इतकं आम्ल साठल्यावर माणसाला धाप लागायला हवी, खोल श्वासातून वायू बाहेर पडायला हवा. किती उरावा, हे विंटर्सचं सूत्र सांगतं: बायकार्बोनेटची दीडपट अधिक ८, दोन इकडेतिकडे. इथे २३. प्रत्यक्षात ३५, म्हणजे श्वास कमी पडतोय आणि श्वसनजन्य आम्लताही जोडीला आहे. उत्तर ‘मिश्र बिघाड’. वॉर्डात हाच आकडा दिसला, तर डॉक्टर आधी रुग्णाची छाती किती हलतेय ते बघतील.