दिलेल्या शंकूत मावणारी सर्वांत मोठी वृत्तचिती

लाकडाचा एक भरीव शंकू आपल्याजवळ आहे. त्याच्या तळाची त्रिज्या 12 सेमी आणि उंची 30 सेमी आहे. लेथवर लावून त्यातून एक वृत्तचिती काढायची आहे. तिचा तळ शंकूच्या तळावर असेल आणि दोघांचा अक्ष एकच असेल. वृत्तचितीचे घनफळ जास्तीत जास्त यावे, म्हणजे लाकूड कमीत कमी वाया जावे, अशी आपली इच्छा आहे. तर तिची त्रिज्या आणि उंची किती घ्यावी?

हा प्रश्न वर्गात विचारला की बहुतेक विद्यार्थी अंदाजाने सांगतात, "शंकूच्या निम्म्या उंचीपर्यंत." उंच घेतली तर वृत्तचिती बारीक होते, रुंद घेतली तर बुटकी होते, तेव्हा मधली जागा उत्तम असणार, असा त्यामागचा विचार असतो. हा अंदाज बरोबर आहे का, ते गणित करून पाहू.

समरूप त्रिकोणांतून मिळणारे सूत्र

शंकू अक्षातून उभा कापला आहे अशी आकृती काढा. शंकूचे शिरोबिंदू A, तळाचे केंद्र O आणि तळाच्या कडेवरील एक बिंदू B. वृत्तचितीच्या वरच्या वर्तुळाचे केंद्र C, आणि त्या वर्तुळाची कड शंकूला जिथे टेकते तो बिंदू D. हा D रेषा AB वर आहे.

त्रिकोण ACD आणि त्रिकोण AOB यांत A हा कोन सामाईक आहे, तर C आणि O हे काटकोन आहेत. म्हणून हे त्रिकोण समरूप आहेत. वृत्तचितीची त्रिज्या r आणि उंची h मानली, तर CD = r, OB = 12 आणि AO = 30. आता AC किती? C हा बिंदू तळापासून h उंचीवर आहे, म्हणून शिरोबिंदूपासून त्याचे अंतर 30 − h. त्यामुळे

r / 12 = (30 − h) / 30

म्हणजेच h = 30 − 2.5r.

सर्वाधिक चुका याच पायरीवर होतात. घाईत AC च्या जागी h लिहिले जाते आणि r / 12 = h / 30 असे समीकरण तयार होते. ही चूक ओळखणे सोपे आहे. h = 30 ठेवून पाहा. वृत्तचिती शिरोबिंदूपर्यंत पोहोचली तर तिची त्रिज्या शून्य व्हायला हवी, पण चुकीच्या समीकरणातून r = 12 मिळते. म्हणजे वृत्तचिती शंकूच्या तिप्पट घनफळाची झाली, आणि तरी ती शंकूच्या आत आहे! सूत्र लिहिल्यावर दोन्ही टोकांच्या किमती घालून पाहण्याची सवय ठेवावी.

विकलन करून उत्तर

वृत्तचितीचे घनफळ V = πr²h. यात r आणि h हे दोन चल आहेत. वर मिळालेली h ची किंमत घातली की एकच चल उरतो:

V = π(30r² − 2.5r³), 0 ≤ r ≤ 12

विकलन केल्यावर

dV/dr = π(60r − 7.5r²) = 7.5πr(8 − r)

हे शून्य होते r = 0 किंवा r = 8 असताना. r = 0 ला वृत्तचितीच उरत नाही, r = 12 ला उंची शून्य होते. दोन्ही टोकांना V शून्य आहे. r ची किंमत 8 पेक्षा कमी असताना विकलज धन आहे, 8 पेक्षा जास्त असताना ऋण. म्हणून r = 8 ला V महत्तम आहे. तेव्हा h = 30 − 20 = 10 सेमी आणि V = 640π घन सेमी, म्हणजे सुमारे 2011 घन सेमी.

आता निम्म्या उंचीचा अंदाज तपासू. h = 15 घेतल्यास r = 6 आणि V = 540π. म्हणजे अंदाज चुकला. उत्तम उंची ही शंकूच्या उंचीच्या एक तृतीयांश आहे आणि त्रिज्या शंकूच्या त्रिज्येच्या दोन तृतीयांश.

12 आणि 30 ऐवजी R आणि H घेऊन हेच गणित केल्यास r = 2R/3, h = H/3 मिळते आणि घनफळ शंकूच्या 4/9 पट येते. शंकू उंच असो वा बसका, हे प्रमाण बदलत नाही. याचा अर्थ असाही, की कितीही काळजीपूर्वक माप घेतले तरी अशा वृत्तचितीसाठी 5/9, म्हणजे निम्म्याहून अधिक लाकूड भुशात जाणारच.

निम्मी उंची का नाही?

घनफळात त्रिज्येचा वर्ग आहे, उंचीचा नाही. कारण इथेच आहे. r = 6, h = 15 या स्थितीपासून त्रिज्या 1 टक्क्याने, म्हणजे 0.06 सेमीने वाढवा. तळाचे क्षेत्रफळ सुमारे 2 टक्के वाढते. उंची 2.5 × 0.06 = 0.15 सेमीने, म्हणजे 15 च्या 1 टक्का कमी होते. मिळकत दोन, खर्च एक. तेव्हा इथे थांबायचे कारण नाही.

आता r = 8, h = 10 ला तेच करा. त्रिज्या 0.08 सेमीने वाढली, तळ सुमारे 2 टक्के वाढला, उंची 0.2 सेमीने, म्हणजे 10 च्या 2 टक्के कमी झाली. मिळकत आणि खर्च सारखे झाले. dV/dr = 0 या अटीचा अर्थ हाच आहे.

"सर्वांत मोठी" म्हणजे काय मोठे?

परीक्षेत हा प्रश्न किंचित बदलून येतो. वक्रपृष्ठफळ महत्तम हवे असेल, तर S = 2πrh = 2π(30r − 2.5r²) आणि r = 6, h = 15. म्हणजे निम्म्या उंचीचा अंदाज इथे बरोबर ठरतो, कारण इथे r आणि h दोन्ही एकेकदाच येतात.

दोन्ही वर्तुळाकार बाजू धरून एकूण पृष्ठफळ महत्तम हवे असेल, तर T = 2πr² + 2πrh = 2π(30r − 1.5r²) आणि r = 10, h = 5. शंकू तोच, पण तीन प्रश्नांची तीन उत्तरे.

शेवटच्या प्रकारात एक सावधगिरी लागते. त्याच तळाच्या शंकूची उंची 20 सेमी असती, तर dT/dr = 0 मधून r = 15 आले असते. एवढी वृत्तचिती 12 सेमी त्रिज्येच्या शंकूत मावतच नाही. तेव्हा T हे r = 12 पर्यंत वाढतच जाते आणि तिथे उंची शून्य होऊन नुसती चकती उरते. शंकूची उंची त्रिज्येच्या दुप्पट किंवा त्याहून कमी असली की हेच घडते. म्हणून विकलज शून्य करून मिळालेली किंमत 0 ते R या मर्यादेत बसते का, हे पाहिल्याशिवाय उत्तर लिहू नये.

सरावासाठी: तळाची त्रिज्या 9 सेमी आणि उंची 12 सेमी असलेल्या शंकूसाठी वरील तिन्ही प्रश्न सोडवा. त्यांपैकी एका प्रश्नाला शंकूच्या आत उत्तर मिळणार नाही. तो कोणता, हे विकलन करण्याआधीच सांगता येते का ते पाहा.