दक्षिणा ते दरपत्रक

रामकुंडावर यजमान पायरीवर टेकला, की गुरुजी आधी गाव विचारतात, मग आडनाव. बासनातली लांबट चोपडी सोडली जाते, पानं उलटली जातात आणि कुणाच्या तरी पणजोबांची थरथरत्या हाताने केलेली सही सापडते. विधी आटोपतो, शेवटी दक्षिणेचा विषय निघतो. तोंडाने ‘यथाशक्ती द्या’ म्हटलं जातं. मात्र यथाशक्ती म्हणजे नेमकी किती, यावरून घाटावर रोज घासाघीस चालते आणि त्यात कुणालाच वावगं वाटत नाही.

त्यामुळे ‘पूर्वी विद्या फुकट मिळायची, आता तिचा बाजार झाला’ ही तक्रार पंचवटीत राहणाऱ्याने तरी करू नये. देवाधर्माच्या कामात पैसा इथे पिढ्यान् पिढ्या फिरतो आहे. योग आणि ध्यान जगाच्या बाजारात गेल्यावर बदललं ते वेगळंच. पैसा आधी द्यायचा की नंतर, आकडा कुणी ठरवायचा आणि त्या बदल्यात मोजून काय मिळायचं, या तिन्ही गोष्टी उलट्या झाल्या. दक्षिणा नंतर द्यायची असते, देणारा ठरवतो आणि घराण्याची नोंद त्याच चोपडीत राहते. शुल्क आधी भरायचं असतं, घेणारा ठरवतो आणि व्यवहार पावतीपाशी संपतो. हा बदल कसा झाला हे पाहायला अमेरिकेला जायची गरज नाही, नाशिक जिल्हा पुरेसा आहे.

विश्वास मंडलिक यांनी 1978 मध्ये नाशकात योग विद्या धाम सुरू केलं. नाशिककरांच्या आधीच्या पिढीला योग म्हणजे सकाळी सतरंजी काखेत मारून जायचा वर्ग, हे या संस्थेमुळे माहीत झालं. 2018 मध्ये योगप्रसारासाठीचा पंतप्रधान पुरस्कार मंडलिकांना मिळाला. याच कामातून त्र्यंबकेश्वरजवळ तळवाड्याला योग विद्या गुरुकुल उभं राहिलं आणि तिथे परदेशी विद्यार्थी राहून शिकू लागले. त्यांना योग शिकायचा असतोच, पण त्यातल्या बहुतेकांना परत जाऊन तो शिकवायचाही असतो. त्यासाठी लागतं ते दोनशे तासांचं प्रमाणपत्र.

हे दोनशे तास पतंजलींनी सांगितलेले नाहीत आणि भारत सरकारनेही नाहीत. अमेरिकेत 1999 मध्ये स्थापन झालेल्या योगा अलायन्स या संस्थेचं ते माप आहे. ती संस्था विद्यार्थ्याची परीक्षा घेत नाही. ती शाळेची नोंदणी करते, शाळा विद्यार्थ्याला प्रमाणपत्र देते आणि मग विद्यार्थी दरवर्षी शुल्क भरून आपलं नाव नोंदवहीत ठेवतो. सध्याच्या मापात आसन, प्राणायाम, ध्यान यांच्या सरावाला किमान 75 तास, शरीररचनेला 30, इतिहास, तत्त्वज्ञान आणि नीती मिळून 30 आणि शिकवण्याच्या व्यावसायिक कौशल्याला 50 तास आहेत. उरलेले तास शाळेने ठरवायचे.

आता हिशेब करू. महिन्याचा निवासी वर्ग धरला आणि सुट्ट्या वगळून 25 दिवस मिळाले, तर रोज आठ तास पडतात. म्हणजे योगाचं सगळं तत्त्वज्ञान, इतिहास आणि शिक्षकाने पाळायचे नीतिनियम चार दिवसांच्या आत उरकतात. यम-नियमांपासून समाधीपर्यंतची आठ अंगं, हठयोगाची परंपरा, गुरूने शिष्याशी कसं वागावं, सगळं त्यातच. योगसूत्रांत आसनाविषयी जेमतेम तीन सूत्रं आहेत. बाजारात मात्र आसन हाच योग ठरला, कारण आसन दिसतं, त्याचा फोटो निघतो आणि ते तासांत मोजता येतं. वैराग्य किती तास घेतलं, हे कोणत्या रकान्यात भरणार? 2020 च्या साथीत हेच तास ऑनलाइन भरायला परवानगी मिळाली. मग तळवाड्याचा डोंगर, गुरुजींची नजर, एकाच पंगतीत जेवण हे सगळं मापाबाहेर गेलं. प्रमाणपत्र मात्र तेच राहिलं.

यात शाळांनाच दोष देण्यात अर्थ नाही. चांगली शाळा दोनशे तासांच्या चौकटीत बरंच काही शिकवते आणि ‘हा आरंभ आहे’ असं बजावूनही सांगते. मेख अशी, की बाजाराला आरंभ आणि पूर्णता यांतला फरक कळत नाही. महिन्याभरापूर्वी पहिल्यांदा शवासनात पडलेला माणूस परतल्यावर ‘सर्टिफाइड टीचर’ असतो आणि त्याच्यासमोर कंबरदुखीचे, रक्तदाबाचे दहा जण येऊन बसतात. शिक्षक कच्चा आहे हे ओळखायची खूण साधी आहे. कुणी काय करू नये, हे तो वर्ग सुरू होण्याआधी विचारून ठरवतो का? उच्च रक्तदाब असलेल्याला शीर्षासन आणि जोराची कपालभाती न देणारा शिक्षक तासांच्या पलीकडे काही शिकलेला असतो.

आपल्या सरकारला तरी योग म्हणजे काय हे ठरवता आलं का? कायद्याची पुस्तकं चाळली तर करमणूक होते. 2002 मध्ये आरोग्य आणि तंदुरुस्तीच्या सेवांवर सेवाकर बसला. त्या सेवांच्या व्याख्येत सौना, वाफेचं स्नान, स्पा, वजन उतरवण्याची केंद्रं, व्यायामशाळा, मसाज यांच्या पंगतीत योग आणि ध्यान बसवलेले होते. पुढे 2015 च्या वित्त कायद्याने आयकराच्या कलमात ‘धर्मादाय हेतू’ या व्याख्येत योगाला स्वतंत्र जागा दिली, गरिबांना मदत, शिक्षण आणि वैद्यकीय मदत यांच्या शेजारी. याचा फायदा व्यावहारिक होता. सर्वसाधारण लोकोपयोगी काम करणाऱ्या न्यासाचं व्यापारी स्वरूपाचं उत्पन्न एका मर्यादेपलीकडे गेलं, तर त्याची करसवलत धोक्यात येते. योगाला वेगळं स्थान मिळाल्यावर ती मर्यादा त्याला लागेना. एकाच सरकारच्या एका पुस्तकात योग स्पाचा शेजारी आणि दुसऱ्यात दानधर्माचा.

या दोन पुस्तकांची टक्कर पतंजली योगपीठ न्यासाच्या खटल्यात पाहायला मिळते. न्यासाच्या शिबिरांत भाग घेणाऱ्यांकडून पैसे घेतले जात होते. न्यासाचं म्हणणं, ही स्वेच्छेने दिलेली देणगी आहे आणि इथे योगाने रोगांवर उपचार होतात, तंदुरुस्तीची सेवा दिली जात नाही. करखात्याने ऑक्टोबर 2006 ते मार्च 2011 या काळासाठी सुमारे साडेचार कोटींचा सेवाकर मागितला. अलाहाबादच्या अपिलीय न्यायाधिकरणाने पाहिलं ते पैशाचं नाव नव्हे, त्याचं वागणं. प्रवेशिका वेगवेगळ्या रकमांच्या होत्या आणि जेवढी रक्कम मोठी तेवढ्या सोयी जास्त. देणगीला असा दर्जा नसतो. शिवाय समोर बसलेल्या प्रत्येकाच्या आजाराचं निदान करून लेखी उपचार दिला जात नव्हता, सगळ्यांना एकत्र सूचना दिल्या जात होत्या. तेव्हा हे शुल्कच, असा निर्णय झाला आणि 19 एप्रिल 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला.

मला हा निकाल करापेक्षा समाजशास्त्राच्या अंगाने महत्त्वाचा वाटतो. देणगी आणि शुल्क यांतला फरक पावतीवरच्या शब्दाने ठरत नाही, पैसे न देणाऱ्याचं काय होतं यावर ठरतो, हे मी त्यातून घेतो. रामकुंडावर दक्षिणा कमी दिली तर गुरुजी कुरकुरतील, पण झालेलं पिंडदान परत घेणार नाहीत.

पैसे न देणाऱ्याचं काय होतं, या प्रश्नाचं सर्वांत टोकाचं उत्तर आपल्याच जिल्ह्यात इगतपुरीला आहे. सत्यनारायण गोयंका ब्रह्मदेशात सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे विपश्यना शिकले आणि 1969 पासून भारतात शिकवू लागले. इगतपुरीचं धम्मगिरी केंद्र 1976 पासून सुरू आहे. दहा दिवसांचं शिबिर. पहाटे चारची घंटा, रात्री नऊपर्यंत साधना, मौन, पहिले तीन दिवस फक्त श्वासावर लक्ष आणि चौथ्या दिवशी विपश्यनेची सुरुवात. राहणं, जेवण, शिकवणं, कशालाच शुल्क नाही. एवढ्यावर केंद्र थांबत नाही. ज्याने निदान एक शिबिर पूर्ण केलेलं नाही त्याचे पैसे घेतलेच जात नाहीत. त्यामुळे आत बसलेल्याचा खर्च आधी येऊन गेलेल्या कुणीतरी उचललेला असतो आणि तो कोण, हे बसलेल्याला कळत नाही. गिऱ्हाईक म्हणून तक्रार करायची सोयच उरत नाही.

या पद्धतीलाही किंमत आहे, ती वेळेची. रोजंदारीवरच्या माणसाला किंवा तान्हं मूल असलेल्या बाईला प्रवासासह बारा दिवस कुठून मिळणार? दहा दिवसांचं मौन सगळ्यांना झेपतंही असं नाही. म्हणूनच प्रवेशअर्जात मानसिक आजारांविषयी आणि औषधांविषयी विचारतात. तिथे खरं न लिहिणं अंगाशी येऊ शकतं.

गंमत पुढेच आहे. गोयंकांकडे शिकलेल्या अमेरिकन तरुणांत जोसेफ गोल्डस्टीन आणि शॅरन साल्झबर्ग होते. 1975 मध्ये सहकाऱ्यांसह त्यांनी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या बॅरे गावी इनसाइट मेडिटेशन सोसायटी काढली. त्याच वर्तुळात बसलेल्या जॉन कबाट-झिन यांनी 1979 मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात दुखण्याने गांजलेल्या रुग्णांसाठी काही आठवड्यांचा कार्यक्रम आखला. त्यातून बुद्धाचं नाव आणि पंचशील बाजूला काढून ठेवले होते, कारण रुग्णालयात धर्म चालला नसता. पुढे 2010 मध्ये ‘हेडस्पेस’ ही कंपनी आली आणि 2012 मध्ये ‘काम’, दोघींनी ध्यान फोनवर आणलं. हेडस्पेसचा सुरुवातीचा मोफत नमुना होता दहा मिनिटं, दहा दिवस. आवडलं तर पुढे वर्गणी. इगतपुरीत रोज दहा तासांच्या आसपास बसण्याचे दहा दिवस असतात, फोनवर त्याच दहा दिवसांत दहा-दहा मिनिटं.

ही घसरणच आहे, असं म्हणून मोकळं व्हावंसं वाटतं. पण पंचवटीत बसून तेही सरळ म्हणता येत नाही. काळाराम मंदिराच्या दारात 2 मार्च 1930 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. दारं उघडली नाहीत आणि वर्षानुवर्षं चाललेला तो लढा अखेर थांबवावा लागला. परंपरेत शुल्क नव्हतं, पण आत कुणाला घ्यायचं हे जन्मावरून ठरत होतं. फोनवरचा आवाज जात विचारत नाही, स्टुडिओचा काउंटरही नाही. बाजाराने हे एक दार उघडलं, हे मान्य करायला हवं. मात्र त्याने दुसरी अट घातली, खिशाची. शिवाय साधनेने माणसाला बदलायचं असतं, त्याऐवजी माणूस आहे तसाच राहून थोडा कमी थकावा, एवढ्यावर ती आणून ठेवली. धर्माच्या अभ्यासक अँड्रिया जैन यांनी 2014 च्या ‘सेलिंग योगा’ या पुस्तकात असा मुद्दा मांडला, की उपभोगाच्या संस्कृतीतला योगही त्याच्या साधकांसाठी धार्मिक अनुभव असू शकतो. मला तो अर्धा पटतो. अनुभव खरा असेल, पण वर्गणी संपली की जो थांबतो त्याला साधना म्हणवत नाही.

सरकारचा दोन पुस्तकांचा घोळ मात्र अजून तसाच आहे. सप्टेंबर 2025 पासून वस्तू आणि सेवा करात योगवर्गांवरचा दर 18 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. योगवर्ग ज्या यादीत आले त्यात सलून, न्हावी आणि फिटनेस सेंटरही आहेत. नोंदणीकृत धर्मादाय न्यासाने योगप्रसारासाठी केलेल्या कामाला करमाफी आहे.

2027 च्या सिंहस्थासाठी तपोवनात आणि शहरभर तंबू पडतील. त्यात योगशिबिरं, ध्यानशिबिरं आणि महिनाभरात शिक्षक करणारे वर्गही असतील. पैसे द्यायला हरकत नाही, शिकवणाऱ्यालाही पोट आहे. फक्त भरण्याआधी दोन गोष्टी विचारा: पैसे नसलेल्याला इथे बसता येईल का, आणि शिकवणारा स्वतः किती वर्षं रोज बसतो आहे. उत्तराऐवजी दरपत्रक हातात ठेवलं गेलं, तर नमस्कार करून गोदाघाटावर फिरून या.