डाग कोणता आणि अनुस्वार कोणता?

१८८७ साली जळगावहून ‘काव्यरत्नावली’ नावाचे एक मासिक निघू लागले. त्याचे संपादक होते नारायण नरसिंह फडणीस. केवळ कविता छापणारे हे मासिक १९३५ पर्यंत चालले. समजा, अशाच एखाद्या जुन्या मासिकाच्या बांधीव खंडाची स्कॅन केलेली पीडीएफ तुमच्या हाती आली आहे. संगणकावर ती उघडून पाहिलीत, तर काय दिसेल? पान एका बाजूला कललेले, शिवणीकडे काळी सावली, कागद पिवळट-करडा आणि सगळीकडे बारीक बारीक ठिपके. वाचायला कंटाळवाणे आणि छापायला शाईखाऊ! असे पान स्वच्छ कसे करतात ते आपण पाहू. परंतु एक गोष्ट आताच ध्यानात ठेवा. आपल्या लिपीत काही ठिपके घाण नसतात. ती अक्षरे असतात.

स्कॅन केलेल्या पानात अक्षरे नसतात, असते ते चित्र. हे चित्र पिक्सेल नावाच्या चिमुकल्या चौकोनांचे बनलेले असते आणि प्रत्येक चौकोनाला ० ते २५५ यांपैकी एक आकडा दिलेला असतो. ० म्हणजे पूर्ण काळा, २५५ म्हणजे पूर्ण पांढरा. स्कॅनर एका इंचात ३०० पिक्सेल घेत असेल, तर एका मिलिमीटरात जवळजवळ १२ पिक्सेल येतात. पान साफ करणे म्हणजे या आकड्यांवर गणित करणे, दुसरे काही नाही. त्यासाठी पीडीएफमधली पाने आधी सुट्या चित्रांच्या रूपात बाहेर काढावी लागतात. ‘पॉप्लर’ या विनामूल्य संचातली पुढील आज्ञा ते काम करते:

```
pdftoppm -r 300 -gray -png june.pdf pan
```

येथे `june.pdf` हे आपल्या फाइलचे नाव, आणि निघणाऱ्या चित्रांची नावे `pan` ने सुरू होतील. मात्र मूळ स्कॅनच १५० पिक्सेलचे असेल, तर येथे ३०० लिहून नवा तपशील मिळत नाही. पातळ ताकात पाणी घालून ताक वाढते, लोणी नव्हे! आणि मूळ पीडीएफ कधीही पुसू नका. सारे प्रयोग तिच्या प्रतीवर करायचे.

पहिले काम सावलीचे. जाड खंड स्कॅनरच्या काचेवर उपडा ठेवला की शिवणीजवळचा कागद काचेपासून उचललेला राहतो. तेथे प्रकाश कमी पोचतो आणि कमीच परत येतो. समजा, पानाच्या मध्यावर कागदाचा आकडा २३० आहे आणि शाईचा ६९. शिवणीजवळ कागद १२० वर उतरला आणि शाई ३६ वर. आता ‘१२८ च्या खाली ते सगळे काळे’ असा सरसकट हुकूम सोडला, तर शिवणीजवळचा कोरा कागदही शाई समजला जाईल आणि कडेला काळा पट्टा उमटेल. अनेक पीडीएफमध्ये असा पट्टा दिसतो, त्याचे कारण हेच.

पण वरचे आकडे पुन्हा पाहा. ६९ ला २३० ने भागा आणि ३६ ला १२० ने भागा. दोन्ही उत्तरे ०.३ येतात! सावलीत कागद आणि शाई दोन्ही सारख्याच प्रमाणात काळवंडतात. म्हणून प्रत्येक पिक्सेलला तेथल्या कागदाच्या उजेडाने भागून २५५ ने गुणले, की कागद दोन्हीकडे २५५ होतो, शाई दोन्हीकडे सुमारे ७७ होते आणि सावली नाहीशी होते. तेथल्या कागदाचा उजेड किती, हे कसे कळते? त्या पिक्सेलभोवती पन्नास-साठ पिक्सेलची चौकट घ्यायची आणि तिच्यातला सर्वांत उजळ आकडा पाहायचा. अक्षरांच्या रेषा बारीक असल्याने एवढ्या चौकटीत थोडातरी कोरा कागद सापडतोच. पानावर छायाचित्र असेल, तर मात्र ही युक्ती फसते. काळ्या कोटाच्या मधोमध चौकट पडली, तर संगणक कोटालाच कागद समजतो आणि तो पांढराफटक करून टाकतो. म्हणून चित्राचा भाग या गणितातून वगळावा.

दुसरे काम पान सरळ करण्याचे. दोन अंशांचा कल डोळ्यांना किरकोळ वाटतो, पण हिशेब करून पाहा. १० सेंटिमीटर लांबीची ओळ म्हणजे सुमारे १,१८० पिक्सेल. दोन अंशांच्या कलाने तिचे दुसरे टोक ४१ पिक्सेल खाली जाते. दोन ओळींतले अंतर साडेपाच मिलिमीटर, म्हणजे ६५ पिक्सेल असेल, तर ओळ संपता संपता ती खालच्या ओळीच्या वाटेवर दोन-तृतीयांश उतरलेली असते. पुढे संगणकाकडून अक्षरे ओळखून घ्यायची असतील, तर येथेच ओळींची गल्लत होते.

हा कल शोधायला आपल्या लिपीची शिरोरेषा फार उपयोगी पडते. पिक्सेलच्या प्रत्येक आडव्या रांगेत काळे पिक्सेल किती, ते संगणक मोजतो. पान सरळ असेल, तर शिरोरेषेच्या रांगांत हा आकडा एकदम उसळी मारतो आणि दोन ओळींमधल्या जागेत शून्याजवळ येतो. पान कललेले असेल, तर एकच शिरोरेषा चाळीस रांगांत विखुरते आणि आलेख सपाट होतो. मग संगणक पान पाव-पाव अंशाने फिरवून पाहतो: उणे पाच अंशांपासून अधिक पाच अंशांपर्यंत, म्हणजे ४१ वेळा. ज्या कोनात आलेखाची शिखरे सर्वांत उंच व टोकदार, तो कोन बरोबर. पाव अंशच का? कारण पाव अंशाने १,१८० पिक्सेलवर पाच पिक्सेलचा फरक पडतो, आणि शिरोरेषेची जाडीही साधारण तेवढीच असते.

धुळ्याच्या इतिहासाचार्य वि. का. राजवाडे संशोधन मंडळासारख्या संस्थांत जुने मोडी कागद असतात. मोडी लिहिणारा आधी पूर्ण ओळभर रेघ ओढी आणि मग तिच्याखाली अक्षरे लिही. त्यामुळे कल मोजण्यासाठी मोडीचा कागद अगदी सोयीचा वाटतो. पण हाताने ओढलेल्या रेघा एकमेकींना समांतर असतीलच असे नाही. तेथे संपूर्ण पानाला एकच कोन लावता येत नाही.

यात एक फसगत नेहमी होते. पानाभोवती स्कॅनरची काळी कड राहिली असेल, तर संगणक अक्षरे सोडून त्या कडेलाच सरळ करतो. जुन्या खंडांची बांधणी करताना कागद पुष्कळदा तिरपा कापला जाई. कागदाची कड सरळ झाली तरी छपाई तिरकीच राहते. म्हणून काळी कड आधी कापून टाका. आणि शिवणीजवळ ओळी वाकल्या असतील, तर पान फिरवून त्या सरळ होत नाहीत. सरळ रेघ फिरवता येते. वाकडी रेघ फिरवली तरी वाकडीच. शक्य असेल तर ते पान जरा सपाट धरून पुन्हा स्कॅन करावे. त्या वेळी पानामागे काळा कागद घातला, तर पाठच्या बाजूची छपाईही कमी उमटते.

आता काळे-पांढरे वेगळे करायचे. कोणत्या आकड्याचे किती पिक्सेल आहेत याचा आलेख काढला, की दोन टेकड्या दिसतात: एक शाईची, लहान, दुसरी कागदाची, मोठी. दोहोंमधल्या दरीत सीमारेषा आखायची. ती आपोआप कशी शोधावी, याची एक सुटसुटीत रीत नोबुयुकी ओत्सु या जपानी संशोधकाने १९७९ साली दिली, आणि ती आजही वापरात आहे. सावली आधी का काढली, हे येथे लक्षात येईल. सावली राहिली असती, तर दरीच बुजून गेली असती.

ही सीमारेषा चुकली, हे कशावरून ओळखावे? ‘घ’ आणि ‘ध’ पाहा. ‘घ’ची शिरोरेषा सलग असते, ‘ध’ची तुटक. ‘म’ आणि ‘भ’ यांचेही तसेच. पान फार उजळ केले, तर शिरोरेषा तुटते आणि ‘घर’चे ‘धर’ होते. फार गडद केले, तर ‘ध’मधली फट बुजते आणि ‘धन’चे ‘घन’ होते. पानावरचे असे पाच-सहा शब्द शोधून ते मोठे करून पाहिले, की पुरे.

राहिले ठिपके, आणि खरी गोम येथेच आहे. ठिपके काढणारा प्रोग्राम काळ्या पिक्सेलचे सुटे पुंजके शोधतो आणि ठराविक मापाहून लहान पुंजके पुसतो. अनुस्वारही असाच सुटा पुंजका! तो कोणत्याही रेषेला चिकटलेला नसतो. छापील अनुस्वाराचा व्यास अर्धा मिलिमीटर धरला, तर ३०० पिक्सेलच्या स्कॅनमध्ये तो सहा पिक्सेल रुंद दिसतो आणि सुमारे २८ पिक्सेल व्यापतो. धुळीचा कण दोन पिक्सेल रुंद, म्हणजे चार पिक्सेलचा. ‘दहापेक्षा लहान ते पुसा’ असे सांगितले, तर धूळ जाते आणि अनुस्वार राहतो. हेच स्कॅन १५० पिक्सेलचे असते तर? अनुस्वार अवघा सातच पिक्सेलचा झाला असता आणि त्याच हुकुमाने तोही पुसला गेला असता. मग ‘चिंता’ची ‘चिता’ झाली असती!

जुन्या मराठीत हा धोका अधिक आहे. १९६२ साली मान्य झालेल्या लेखननियमांनी उच्चारात नसलेले पुष्कळ अनुस्वार गेले. त्याआधीच्या छपाईत ‘केलें’, ‘घरांत’, ‘नाहीं’ असे अनुस्वार जागोजागी असत. आजच्या वाचकाला ते गेलेले कळणारही नाहीत, कारण ‘केले’, ‘घरात’, ‘नाही’ हे त्याला बरोबरच वाटते. पण ते त्या काळचे लेखन उरत नाही. ‘ध’चा ‘घ’ झाला तर वाचताना अडखळायला होते. येथे कोणी अडखळतही नाही.

उलट, ‘वश’ या शब्दावर धुळीचा मोठा कण बसला, तर त्याचा ‘वंश’ होतो. असा कण मापाने अनुस्वाराएवढाच असेल, तर संगणक तो ओळखू शकत नाही. तो वाचणाऱ्यानेच अर्थ पाहून हाताने पुसावा. समासातले डाग मात्र निर्धास्तपणे कितीही मोठे पुसावेत. तेथे अनुस्वार असण्याचे काही कारणच नाही.

काय पुसले गेले, हे पाहण्याची एक उत्तम तपासणी आहे. ठिपके काढण्यापूर्वीच्या चित्रातून नंतरचे चित्र वजा करायचे. मग केवळ पुसलेल्या ठिपक्यांचेच एक पान तयार होते. ‘स्कॅनटेलर’ या विनामूल्य प्रोग्राममध्ये काढलेले डाग वेगळ्या रंगात दाखवण्याची सोयही आहे. हे पान जरा दूर धरून पाहा. आभाळात विखुरलेल्या चांदण्यांसारखे ठिपके असतील, तर ती धूळच होती. पण ते ठिपके सारख्या अंतराने आडव्या रांगांत मांडल्यासारखे दिसले, तर तुम्ही पानभर अनुस्वार पुसले आहेत. माप दहावरून सहावर आणा आणि तेच पान पुन्हा चालवा.