धातुकर्तनातील चॅटर : पुनर्जनित कंपनाची कारणमीमांसा व नियंत्रणाचे उपाय

प्रस्तावना

लेथवर किंवा मिलिंग यंत्रावर धातू कापला जात असताना अचानक कर्कश आवाज सुरू होतो, जॉबच्या पृष्ठभागावर ठरावीक अंतराने लाटांसारख्या खुणा उमटतात आणि कार्बाइडच्या टूलची धार तुटते. या घटनेस कार्यशाळेत ‘चॅटर’ असे म्हणतात. एफ. डब्ल्यू. टेलर यांनी धातुकर्तनावरील आपल्या १९०६ च्या प्रसिद्ध निबंधात यंत्रकारागिरापुढील सर्वांत गूढ समस्यांत चॅटरची गणना केली होती. तिची समाधानकारक उपपत्ती मात्र पुढे पन्नासेक वर्षांनी, टोबायस व ट्लुस्टी यांच्या संशोधनातून मिळाली.

चॅटर येताच वेग कमी करावा, हा कार्यशाळेतील रूढ उपाय होय. तो कधी लागू पडतो, कधी पडत नाही, तर कधी त्याने चॅटर अधिकच वाढतो. असे का घडते, याचे उत्तर एका साध्या प्रश्नात आहे : टूलच्या दोन लागोपाठच्या कापांच्या दरम्यान कंपनाच्या किती लाटा बसतात? प्रस्तुत लेखात याच प्रश्नाच्या आधारे चॅटरची कारणे व उपाय यांचा विचार केला आहे.

पुनर्जनित कंपन म्हणजे काय?

मिलिंगमध्ये प्रत्येक दात जॉबवर आदळतो व ठरावीक वारंवारतेचा धक्का देतो. हे प्रेरित कंपन होय. धक्के थांबले की तेही थांबते. चॅटर याहून भिन्न आहे. त्याला बाहेरून नियमित धक्का लागत नाही; ते स्वयंप्रेरित असून त्यास लागणारी ऊर्जा कर्तनक्रियेतूनच मिळते.

लेथवर टूल जॉबमध्ये शिरलेले असताना एखाद्या कठीण कणामुळे ते किंचित हलले, असे समजू. त्या हालचालीची लाट पृष्ठभागावर कोरली जाते. जॉबचा एक फेरा पूर्ण झाल्यावर टूलला सपाट पृष्ठभागाऐवजी हा लाटांचा पृष्ठभाग कापावा लागतो. टूल स्वतःही कंप पावत असल्याने ते नवी लाट कोरत असते. चिपची जाडी म्हणजे जुनी लाट व नवी लाट यांमधील अंतर होय आणि कर्तनबल या जाडीच्या प्रमाणात बदलते. मागील फेऱ्यातील कंपन अशा रीतीने पुढील फेऱ्यात पुन्हा जन्म घेते. म्हणूनच त्यास पुनर्जनित म्हणतात.

दोन्ही लाटा समकलेत असतील, म्हणजे उंचवट्यासमोर उंचवटा व खोलगटासमोर खोलगट येत असेल, तर चिपची जाडी सर्वत्र सारखी राहते. बल बदलत नाही आणि कंपन विरून जाते. परंतु नवी लाट जुन्या लाटेच्या काहीशी मागे पडली तर चित्र पालटते. टूल जॉबपासून दूर जात असताना चिप जाड असते व बल त्यास जोराने बाहेर ढकलते. टूल परत आत येत असताना चिप पातळ असते व विरोध कमी होतो. झोपाळा दूर जाताना त्याला मागून ढकलावे, तसाच हा प्रकार आहे. प्रत्येक आवर्तनात मिळणारी ही ऊर्जा अवमंदनात खर्च होणाऱ्या ऊर्जेपेक्षा अधिक झाली की कंपन वाढत जाते. टूल कापाच्या बाहेर उसळू लागेपर्यंत ही वाढ चालू राहते.

कापाची रुंदी जितकी अधिक तितके बल अधिक. म्हणून प्रत्येक टूल, जॉब व यंत्र यांच्या जोडणीस कापाची एक सीमा असते. सर्वांत प्रतिकूल कलांतरासाठी ही सीमा, स्थूलमानाने, ताठपणा व अवमंदन यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते.

टर्निंग : वेगापेक्षा ताठपणा

आतून बोअर करण्याचे उदाहरण घेऊ. २५ मि.मी. व्यासाचा पोलादी बोरिंग बार १२५ मि.मी. बाहेर काढला आहे, जॉब मिनिटास ६०० फेरे घेतो आणि चॅटरची वारंवारता ९०० हर्ट्झ आहे. सेकंदास १० फेरे होत असल्याने एका फेऱ्यात ९० लाटा बसतात. वेग केवळ सुमारे अर्ध्या टक्क्याने कमी केला तरी लाटांची संख्या साडेनव्वद होते, म्हणजे कलांतर पूर्णपणे उलटते. इतक्या अरुंद पट्ट्यात अनुकूल वेग शोधून तो टिकवणे व्यवहारात अशक्यच आहे.

येथे बारची लांबी हे खरे शस्त्र आहे. एका टोकाशी पकडलेल्या बारचा ताठपणा बाहेर आलेल्या लांबीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असतो. लांबी १२५ वरून १०० मि.मी. केली तर ताठपणा सुमारे सहा हजारांवरून पावणेबारा हजार न्यूटन प्रति मि.मी., म्हणजे जवळजवळ दुप्पट होतो. होल्डरची पकड ढिली असेल तर अर्थातच हा लाभ हाती येत नाही. पोलादी बार व्यासाच्या चौपटीपेक्षा अधिक बाहेर काढू नये, असा संकेत आहे. त्यापुढे कार्बाइडचा किंवा आत अवमंदक बसवलेला बार वापरावा लागतो. टूलच्या टोकाची त्रिज्या लहान ठेवल्यास बारला वाकवणारे आडवे बल घटते.

वेग बराच उतरवण्याचा जुना सल्लाही येथे निराधार नाही. वेग खूप कमी झाला की लाटा आखूड होतात, टूलची मागील बाजू त्यांच्या उतारांवर घासते आणि त्या घर्षणातून अवमंदन वाढते. उत्पादन मात्र त्याच प्रमाणात घटते.

मिलिंग : योग्य वेगाची निवड

मिलिंगमध्ये दोन काप एका पूर्ण फेऱ्याने नव्हे, तर एका दाताच्या अंतराने येतात. वेगही मोठा असतो. त्यामुळे मधल्या लाटांची संख्या एक-दोनवर येते आणि वेग निवडून कलांतर साधता येते.

समजा, अ‍ॅल्युमिनियमवर १२ मि.मी. व्यासाची, चार दातांची एंड मिल मिनिटास ९००० फेऱ्यांनी चालते आहे. कापाची खोली ३ मि.मी. असून चॅटर सुरू झाला आहे. दातांची वारंवारता ९००० भागिले ६० गुणिले ४, म्हणजे ६०० हर्ट्झ होते. मायक्रोफोनने आवाज टिपून त्याचे वर्णपट-विश्लेषण केले असता ८४० हर्ट्झवर उंच शिखर दिसते. ते ६०० च्या पटीत नसल्याने हा चॅटरच आहे. उपकरण नसल्यास कानानेही अंदाज येतो : वेग थोडा बदलल्यावर स्वर त्याच प्रमाणात बदलला तर कंपन प्रेरित, आणि जवळपास तोच राहिला तर चॅटर.

दोन दातांमध्ये येथे १.४ लाटा बसतात. सवयीप्रमाणे वेग ८००० वर आणला तर त्या सुमारे १.५८ होतात, चॅटर हटण्याची आशा नाही. लाटा पूर्णांकात हव्यात. एका लाटेसाठी ८४० गुणिले ६० भागिले ४, म्हणजे १२,६०० फेरे लागतात. यंत्राची मर्यादा १०,००० असेल तर दोन लाटांचा वेग, ६३०० फेरे, निवडावा. तेथे चॅटर उरलाच, तर नवी वारंवारता मोजून गणित पुन्हा करावे. ती ८२० आली तर पुढील वेग ६१५० होईल. चॅटरची वारंवारता नैसर्गिक वारंवारतेहून किंचित अधिक असते, म्हणून अशा एक-दोन फेऱ्या लागतात.

९००० फेऱ्यांवरच राहण्यासाठी खोली १ मि.मी. करावी लागली असती, असे मानले तर ६३०० फेऱ्यांवर ३ मि.मी. खोलीने, प्रतिदात सरकवेग तोच ठेवून, दुपटीहून अधिक धातू निघतो. वेग कमी करूनही उत्पादन वाढते, हे प्रथमदर्शनी विपरीत वाटते.

या पद्धतीस एक मर्यादा आहे. अनुकूल वेगावर दातांच्या धक्क्यांची वारंवारता किंवा तिची पट नैसर्गिक वारंवारतेच्या निकट येते. चॅटर नसला तरी प्रेरित कंपन मोठे होऊन पृष्ठभाग गुळगुळीत, पण मापात चुकलेला निघू शकतो. म्हणून हा वेग रफ कापासाठी वापरावा. अंतिम कापात खोली कमी ठेवून वेग थोडा बाजूला घ्यावा व माप तपासावे. वेग बदलण्यास वाव नसेल तेथे असमान अंतरावर दात असलेले कटर उपयोगी पडते, कारण त्यात प्रत्येक दातामागील लाटांची संख्या वेगळी असल्याने सर्व दातांना एकाच वेळी प्रतिकूल कलांतर मिळत नाही.